कादंबरीच्या मध्यावर गुरू जातो, पण नायक जागचा हलत नाही

खाजनकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यात तिसवाडीतल्या एका खाजन गावावर, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणलेल्या गावावर, कादंबरी लिहितेय, पहिला खर्डा झालाय. नायक दिगू, वय चोवीस, कंपनीतली कंत्राटी नोकरी सुटली म्हणून गावात परत आलेला. गावचे बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, यातलं सगळं कळणारा माणूस एकच, बाबलमामा, सत्तरी ओलांडलेले. पूर्वार्धभर ते दिगूला बांधावरून अनवाणी फिरवतात, खेकड्याचं बीळ तळपायाला कसं लागतं, उधाणाचं पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं की काळजी करायची, कुठली माती बांधाला चालते नि कुठली नाही. एकूण सव्वीस प्रकरणं आहेत आणि तेराव्यात बाबलमामा हार्ट अटॅकने जातात. मुद्दाम मध्यावर ठेवलंय, कारण मध्यावर गुरू गेला की नायक स्वतःच्या पायावर उभा राहतो असं सगळेच सांगतात.

पण चौदा ते सतरा प्रकरणं वाचून माझ्या दोन्ही वाचक मैत्रिणी एकच म्हणाल्या, की दिगू नुसता बसून आहे. तो रडतो, बांधावर जातो, आठवणी काढतो, परत येतो. सरकत काहीच नाही. तर प्रश्न असा की गुरू गेल्यामुळे नायक पुढे जातो म्हणजे नेमका कशामुळे जातो? माझ्याकडे मरण आहे पण तो धक्का नाही.

रातांबा

सोपं आहे ताई. भावना कमी पडल्या असतील. गुरू गेला की नायकाला राग यायला हवा, राग आला की तो पेटून उठतो. बाबलमामांना कुणीतरी मारलं असं दाखवा, मग दिगू सूड घ्यायला निघेल, गाडी आपोआप सुटेल.

अबोली_केपें

@रातांबा, सूडाला गुन्हेगार लागतो आणि मग सगळी कादंबरी त्या गुन्हेगाराच्या मागे जाते. खाजन, बांध, गाव सगळं मागे पडतं. हिची कथा ती नाहीये असं वाटतं.

नेपथ्यातला

खाजनकाठ, तुमची पोस्ट वाचून मन भरून आलं. आमचे मास्तर असेच गेले. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक असतं, संगीत नाटक, आणि मास्तर ते बसवायचे, ऑर्गनवर पण तेच. जत्रेच्या आधी थोडेच दिवस उरलेले आणि मास्तर गेले. सगळे म्हणाले यंदा नाटक नको. पण नाटक देवाला बोललेलं होतं त्यामुळे रद्द करता येत नव्हतं, आणि दुसऱ्या अंकातलं एक पद असं होतं की ते मास्तरांशिवाय कुणाला धरताच यायचं नाही, आमचा गाणारा पोरगा तिथे हमखास सुटायचा आणि मास्तर ऑर्गनवर त्याला सावरून घ्यायचे. आता पद ठेवायचं की कापायचं? मास्तरांनी एक पद कापलेलं कधी खपवून घेतलं नव्हतं. मी रात्रभर झोपलो नाही. शेवटी मी ते पद कापलं. मास्तरांच्या बायकोने नंतर विचारलं पण होतं ते पद कुठे गेलं म्हणून. धीर धरा, वेळ जाऊ द्या, दुःख कमी होतं.

सासष्टी_एक्स्प्रेस

@नेपथ्यातला, भाऊ, बाबलमामा कादंबरीतले आहेत :) पण तुमचा किस्सा भारी आहे, त्यावर वेगळा धागा काढाच.

माझा प्रश्न वेगळा. मध्य म्हणजे बरोबर मध्य का? सव्वीसातलं तेरावं? पानं मोजायची की प्रकरणं?

जुना_प्रूफवाला

मोजायला बसू नका, बारावं चाललं असतं आणि पंधरावंही. गुरू फार लवकर गेला तर वाचकाला आणि नायकाला त्याच्यावर विसंबायची सवयच लागलेली नसते, त्यामुळे तो गेल्याची पोकळी जाणवत नाही. फार उशिरा गेला तर नायकाला स्वतःच्या डोक्याने चुकायला आणि ती चूक निस्तरायला पानंच उरत नाहीत. या दोन्हीच्या मधली जागा हवी, म्हणून साधारण मध्य.

आता मुख्य प्रश्नाकडे. मी बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी हस्तलिखितं वाचतोय आणि हा अडथळा खूप वेळा बघितलाय. ताई, एक काम करा. खर्डा छापून घ्या आणि पहिल्या तेरा प्रकरणांत प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहा की इथे निर्णय कुणी घेतला. बाबलमामांनी घेतला तर बा, दिगूने घेतला तर दि. बहुतेक ठिकाणी बा येईल, आणि ते ठीकच आहे, पूर्वार्ध तसाच असतो, नायक विचारतो आणि गुरू सांगतो. मग चौदा ते सतरा घ्या आणि तेच करा. माझा अंदाज, तिथे समास कोरे राहतील. कारण ज्या दिवशी बाबलमामा जातात त्या दिवशी तुमच्या गावात काहीच अडलेलं नाहीये. ते गेले, सगळ्यांना वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी भरती ओहोटी नेहमीसारखी झाली. मग दिगूने उठायचं तरी कशासाठी?

गुरू असतो तोवर नायकाला एक सोय असते, अडलं की विचारायचं. मरण ती सोय काढून घेतं. पण ते कळायला त्याच वेळी काहीतरी अडायला हवं, आणि अडलेलं असं हवं की थांबता येत नाही आणि गुरूने शिकवलेल्यात त्याचं तयार उत्तर नाही. नेपथ्यातला यांनी जे सांगितलं ते अगदी हेच आहे. मास्तर गेले हे दुःख, पण त्यांना रात्रभर जागवलं ते त्या पदाने. जत्रेची तारीख हलत नव्हती, पद धरणारा उरला नव्हता आणि मास्तरांची शिकवण सांगत होती की पद कापायचं नाही. त्यांनी शिकवण मोडून निर्णय घेतला आणि त्याचा जाब पण द्यावा लागला.

आणखी एक चाचणी. तेराव्या प्रकरणात बाबलमामा मरत नाहीत, वास्कोला मुलीकडे राहायला जातात असं करून बघा. पुढच्या प्रकरणांत काय बदलतं?

नेपथ्यातला

माझं असं काही डोक्यात नव्हतं, पण वाचल्यावर पटलं. देव बरें करूं.

खाजनकाठ

@जुना_प्रूफवाला, करून बघितलं. वास्कोला पाठवलं तर रडण्याचे परिच्छेद जातात, बाकी चारही प्रकरणं जशीच्या तशी राहतात. आणि समास खरंच कोरे आहेत, सोळाव्यात एक दि आहे, तो म्हणजे दिगू सायकल दुरुस्त करायचं ठरवतो.

अडण्यासारखं म्हणाल तर एक धागा आहे माझ्याकडे. मानशीवर मासे धरायचा लिलाव घेतलेला एक ठेकेदार आहे, सहाव्या प्रकरणात येतो, मग एकदम विसाव्यात येतो. मासळीसाठी तो भरतीचं पाणी शेतात सोडतो असं दाखवायचंय. पण ते पाणी तो नेमकं कसं सोडतो हे माझं कच्चं आहे.

कुंभारजुव्याचा

हे मी सांगतो, आमची शेतं खाजनात आहेत. मानशीची दारं लाकडी आणि ती कुणी रोज उघडबंद करत नाही, पाणीच करतं. ओहोटीला नदीची पातळी खाली जाते, आतल्या पाण्याचा रेटा दाराला बाहेर ढकलतो, शेतातलं जादा पाणी निघून जातं. भरती लागली की बाहेरचा रेटा तेच दार बंद करतो आणि खारं पाणी आत येत नाही. लिलाव घेणारा खरं तर ओहोटीला जाळं लावून, पाण्याबरोबर जे बाहेर पडतं ते धरतो. पण हाव सुटली की काय करतात, दारात लाकडाची पाचर ठोकतात, म्हणजे भरतीला दार पूर्ण मिटत नाही, फटीतून खारं पाणी आत येतं आणि त्याबरोबर सुंगटं, शेवटो सगळं आत येतं. एखाददुसऱ्या भरतीने कळत पण नाही. अमावास्येच्या उधाणाला मात्र कळतं. कोरगुट भात थोडं खारं सोसतं, पण पोटरीवर आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं तर दाणा न भरता पळिंजच होणार, आणि जमिनीत बसलेलं मीठ पुढच्या पावसाने धुऊन जाईपर्यंत तिथे काही होत नाही.

अजून एक, भर भरतीत ती पाचर काढायची सोपी नाही. पाचर निघाली की आत घुसणारं पाणीच दार आपटतं. हात मध्ये असला तर बोटं गेली.

खाजनकाठ

अंगावर काटा आला. ही पाचर मला हवीच होती.

रातांबा

बघा, म्हणजे गुन्हेगार मिळालाच! ठेकेदाराने पाचर ठोकली, बाबलमामा ती काढायला गेले आणि गेले. आता दिगू सूड घेईल. मी तेच म्हणत होतो.

जुना_प्रूफवाला

@रातांबा, तुम्ही अर्ध्या वाटेवर बरोबर आहात. मरणाला कुणाचा तरी हात लागलेला असला की नायक हलतो हे खरं. पण तो हात फक्त खलनायकाचा असला तर नायक नुसता धावतो, बदलत नाही. त्यात थोडा हात नायकाचा स्वतःचा आणि थोडा गुरूचाही असेल तर पुढचा सगळा उत्तरार्ध त्यातून निघतो.

महाभारतातलं द्रोणाचं बघा. अठरा दिवसांचं युद्ध, भीष्म दहाव्या दिवशी पडतात, मग द्रोण सेनापती होतात आणि पंधराव्या दिवशी जातात. ते जातात कसे? अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतात, आणि ज्याच्या शब्दावर द्रोणांचा विश्वास आहे त्या युधिष्ठिराच्या तोंडून अश्वत्थामा गेल्याचं वदवून घेतात, हत्ती हा शब्द तो पुटपुटतो. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकतो. आपल्या आचार्यांच्या मरणात त्याचा हात आहे, आणि हे त्याला पुढे कधीच पुसता येत नाही. द्रोण पण निर्दोष नाहीत, तेराव्या दिवशी अभिमन्यूला चक्रव्यूहात घेरून मारलं तेव्हा सेनापती तेच होते. शिष्याला गुरूचा आदर आहे, गुरू चुकीच्या बाजूला उभा आहे, आणि त्याला दूर केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या तिन्ही गोष्टी एकदम आल्यामुळे तो प्रसंग इतका वजनदार झालाय.

तुमच्या कादंबरीत हे असं करता येईल. पाचर बाबलमामांना आधीच माहीत होती. अकराव्या प्रकरणात दिगूला दाराजवळ घासल्याचे ताजे वण दिसतात, तो विचारतो, आणि तेरा प्रकरणांत पहिल्यांदाच बाबलमामा उत्तर टाळतात, उद्या बघू म्हणतात. का टाळतात? नातीच्या नर्सिंगची फी ठेकेदाराने भरलीये. मोठी लाच वगैरे काही नको, एवढंच पुरे. दिगूला संशय येतो पण मामांचा शब्द म्हणून तो गप्प बसतो. हे गप्प बसणं म्हणजे दिगूचा हात.

मग भाद्रपदातली अमावास्या. रात्री बाराच्या आगेमागे पूर्ण भरती. बाबलमामांना राहवत नाही, ते एकटे पाचर काढायला जातात. दिगू पोचतो तेव्हा मामा बांधावर कोसळलेत, श्वास चालू आहे, आणि दारातून पाणी आत घुसतंय. भरतीला अजून तासभर चढायचंय. मामांना उचलून रस्त्यापर्यंत न्यायचं की पाचर काढायची? गावची शेती की मामा? आणि ज्याला विचारायचं तोच समोर पडलाय.

इथे समासात दि लिहावंच लागेल. तो काहीही निवडो, दुसरं जाणार आणि त्याचा जाब त्याला पुढची तेरा प्रकरणं द्यावा लागणार.

अबोली_केपें

प्रसंग जबरदस्त आहे, पण मला स्वतःला एवढं नाट्य नको वाटतं. रात्र, अमावास्या, पाणी, मरणारा म्हातारा, सगळं एकाच पानावर. वाचक म्हणून मला आताशा कथेत म्हातारा शहाणा माणूस आला की लगेच कळतं हा मध्यावर जाणार. माझं मत असं की बाबलमामांना मारूच नका, नुसते हरू द्या. खाजनातल्या शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनच्या बैठकीत दिगू उठून पाचरीचं बोलतो, सगळे बाबलमामांकडे बघतात, कारण त्यांचा शब्द शेवटचा, आणि ते म्हणतात मला काही दिसलं नाही. बस्स. त्या क्षणी दिगूचा गुरू गेला. आणि तो गावातच आहे, रोज बांधावर दिसणार, दिगूला रोज त्याला टाळून जावं लागणार. मेलेल्या माणसाला माफ करणं सोपं, त्याचा फोटो लावता येतो. जिवंत माणसाचं काय करायचं?

सासष्टी_एक्स्प्रेस

बाप रे. अबोलीताईंचं वाचून मलाच बैठकीत बसल्यासारखं झालं.

कुंभारजुव्याचा

आमच्याकडच्या बैठका बघता हेच जास्त खरं वाटतं. लोक मरत नाहीत, गप्प बसतात.

जुना_प्रूफवाला

@अबोली_केपें, तुमचा पर्याय चांगला आहे आणि काही बाबतींत माझ्याहून चांगला आहे, कारण त्यात शिकवणीवरच प्रश्न येतो. दिगूला ठरवावं लागेल की मामांनी शिकवलेलं खरं की मामांनी केलेलं खरं. मरणात हा प्रश्न दबून जातो, मेलेल्याचं सगळं पवित्र होतं.

पण एक धोका सांगतो. हरलेला गुरू जिवंत असला की लेखकाला मोह होतो त्याला पुन्हा बोलतं करायचा. विसाव्या प्रकरणात दिगू अडतो, मामा पश्चात्तापाने येतात आणि ठेकेदाराचे कागद हातात देतात. मग दिगू परत शिष्य झाला, मध्यावर जे मोडलं ते तुम्ही स्वतःच जोडून दिलंत. जिवंत ठेवायचं असेल तर निदान दिगूचा मोठा निर्णय होईपर्यंत मामांनी उपयोगाचं काही बोलायचं नाही, एवढं लेखकाने पाळायला हवं.

पेडण्याची_मावशी

मला यातलं फार कळत नाही, मी नुसती वाचणारी. पण मामांना अर्धांगवायू झाला आणि ते बोलू शकत नाहीत असं केलं तर? आमच्या सासऱ्यांना झालेला, डोळ्यांनी सगळं सांगायचे पण नेमकं काय ते आम्हाला कळायचं नाही. दिगू येऊन विचारतो आणि ते बघत राहतात.

खाजनकाठ

मावशी, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. थांबून विचार करावा लागेल.

@जुना_प्रूफवाला, एक विचारायचं होतं. पंधराव्या प्रकरणात दिगूला बाबलमामांची वही मिळते असं आहे. कुठल्या वर्षी बांध कुठे फुटला, मानशीला कुठलं लाकूड वापरलं, शेवटच्या पानावर दिगूसाठी चार ओळी. ती वही मला फार जवळची आहे. ठेवू ना?

जुना_प्रूफवाला

वही ठेवा, शेवटचं पान काढा. किंवा शेवटचं पान चोविसाव्या प्रकरणात सापडू द्या.

पंधराव्यातच गुरूचा निरोप मिळाला तर गुरू गेलाच नाही, फक्त पत्ता बदलला. स्वप्नात येऊन सांगणं, जुना मित्र येऊन मामा म्हणायचे असं सांगणं, सगळं त्यातलंच. वहीतल्या नोंदी चालतील, कारण त्या जुन्या बांधाच्या आहेत आणि दिगूला नव्या अडचणीसाठी त्यांतून स्वतः अर्थ काढावा लागेल, चुकीचा काढला तर आणखीच चांगलं. पुन्हा महाभारतातलंच, भीष्मांचं उदाहरण देतो. दहाव्या दिवशी पडले तरी ते लगेच मरत नाहीत, शरपंजरी असतात, आणि युधिष्ठिराला भरभरून शिकवतात, पण कधी? युद्ध संपल्यावर, त्याच्या हातून जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. तेव्हा ती शिकवण त्याच्या केलेल्यावर येते. आधी आली असती तर त्याने ती नुसती पाळली असती.

सासष्टी_एक्स्प्रेस

पण युद्धाच्या मध्ये पांडव भीष्मांना विचारायला गेलेच होते ना, तुम्हाला कसं मारायचं म्हणून? आणि त्यांनी सांगितलं पण, शिखंडीला पुढे करा. मग तिथे गुरूने उत्तर दिलंच की.

जुना_प्रूफवाला

हो, नवव्या दिवसानंतरच्या रात्री. बरोबर पकडलंत. पण उत्तर काय दिलं ते बघा, स्वतःला बाजूला काढायचा रस्ता. त्यानंतर विचारायला कुणी उरत नाही. आणि ते उत्तर वापरायचं की नाही हे अर्जुनावरच येतं, ज्या आजोबांच्या मांडीवर वाढला त्यांच्यावर बाण चालवायचे. त्याला ते सोपं जात नाही.

रातांबा

हे वाचून मी माझा मुद्दा थोडा बदलतो. राग चालेल, पण तो दिगूला बाबलमामांचाच आला पाहिजे. फी घेतली म्हणून. ठेकेदाराचा राग काय, सगळ्या गावालाच आहे.

अबोली_केपें

@रातांबा, हे मात्र शंभर टक्के.

कुंभारजुव्याचा

ताई, मध्यरात्रीचा प्रसंग लिहिलात तर एक लक्षात ठेवा, दिगू पाचर हाताने उपटत नाही. बाजूला उभं राहून वरून वासा किंवा पहार घालून ती सैल करतात. आणि हे बाबलमामांनी त्याला आधी शिकवलेलं नसलं तर जास्त चांगलं ना? म्हणजे त्याला तिथेच सुचावं लागेल.

खाजनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस यावर बसले होते. आता असं ठरवतेय.

अकराव्यात वण आणि उद्या बघू. बाराव्यात बैठक, अबोलीताईंची, मामा म्हणतात मला काही दिसलं नाही, आणि दिगू चिडून त्यांच्याशी बोलणं सोडतो. तेराव्यात अमावास्या. मामा एकटे जातात कारण दिगू बोलत नाहीये, नाहीतर त्यांनी त्याला उठवलं असतं. म्हणजे दिगूचा हात गप्प बसण्यात नाही, अबोला धरण्यात आहे. दिगू आधी पाचर काढतो, कुंभारजुव्याच्या दादांनी सांगितलं तशी वाशाने, आणि मग मामांकडे वळतो. तोवर उशीर झालेला. शेतं अर्धी वाचतात. चौदाव्यात रडणं नाही, चौदाव्यात गाव विचारतं की तू आधी मानशीवर का गेलास, आणि मामांची नात पण विचारते, जिची फी भरली गेली ती. पाचर दिगूकडे आहे, तोच एक पुरावा, आणि ती दाखवली तर मामांचं पण नाव जाणार.

मामा जगले आणि बोलू शकत नाहीत हा मावशींचा पर्याय मात्र डोक्यातून जात नाहीये. तो घेतला तर नातीचं पात्र मोठं होतं, कारण सेवा तिला करावी लागणार आणि दिगूला रोज त्या घरात जावं लागणार.

जुना_प्रूफवाला

पाचर दाखवली तर मामांचं नाव जातं, नाही दाखवली तर ठेकेदार सुटतो. तुमचा उत्तरार्ध इथे आहे. आता मामा मरोत की जगोत, दिगूला बसून राहता येणार नाही. मी असतो तर मारलं असतं, कारण मेलेल्याचं नाव खराब करणं गावात जास्त जड जातं. पण चौदावं प्रकरण दोन्ही प्रकारे लिहून बघा आणि समासात बघा दि कुठे जास्त येतात.

अबोली_केपें

मी अजूनही जिवंतच ठेवा म्हणेन. नात दिगूला दारातून आत घेते की नाही हे मला वाचायचंय.

पेडण्याची_मावशी

आणि त्या पोरीला नाव द्या गे. सगळ्या धाग्यात ती नुसती नात आहे.